ओव्हनमध्ये कटलेट आणि वडे: तापमान किती, उलटायचं कधी, तेल किती फवारायचं?

निळी_कढई
आषाढ लागला आणि घरात तळणीचा विषय निघाला. सासऱ्यांना डॉक्टरांनी तळलेलं बंद सांगितलंय. त्यांची तक्रार नाही, पण कढई चढली की ते खुर्ची उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसतात, ते मला बघवत नाही. म्हणून ओव्हनमध्ये करून बघितलं. आमच्याकडे २८ लिटरचा ओटीजी आहे, खाली-वर दोन्ही रॉड, पंखा नाही. तेलासाठी दाबून फवारायची काचेची बाटली आणलीय.

परवा कटलेट १८० वर २० मिनिटं ठेवले. वरून पांढरेफटक, रव्याचे दाणे कच्चे. दहा मिनिटांनी उलटायला गेले तर अर्धं कटलेट ट्रेलाच राहिलं. त्याच दिवशी उत्साहात बटाटेवडेही ठेवले होते. त्यांचं पीठ ओघळून खाली पसरलं आणि वडे टोपी घातल्यासारखे दिसायला लागले. सासरे म्हणाले, "छान आहे, पण हे काय आहे?"

तापमान चुकलं की पद्धत? कोणी नियमित करतं का?

आगाऊ_चमचा
मी पाच मिनिटांत करतो. हाय पॉवर, काचेची प्लेट, मधे एकदा उलटायचं. कुरकुरीत होत नाहीत, पण तेल शून्य.

निळी_कढई
ते मायक्रोवेव्ह झालं हो. माझा ओटीजी आहे.

आगाऊ_चमचा
अरे हो, नीट वाचलं नाही. मग एअर फ्रायर घ्या, विषय संपला.

नाना_खानावळ
विषय संपत नाही. ओलं पीठ लावलेला वडा एअर फ्रायरमध्येही जाळीतून खाली गळतोच.

बावीस वर्षं मी कँटीनचं तळण बघितलं, गेली सहा वर्षं बायकोच्या पथ्यामुळे घरी ओव्हन वापरतो. कटलेट आणि बटाटेवडा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एका ट्रेवर ठेवू नका.

आधी कटलेट. त्यातलं सारण शिजलेलंच असतं, ओव्हनला फक्त बाहेरची साल करायची असते. कढईत तेल १७०-१८० ला असतं आणि चारी बाजूंनी एकदम भिडतं. ओव्हनमधली हवा २०० ला असली तरी तिची उष्णता पदार्थात हळूहळू शिरते. तोवर बटाट्यातली वाफ बाहेर येऊन आवरण ओलं करते. म्हणून कटलेट पांढरे राहतात, आणि नुसती वेळ वाढवली की खडखडीत वाळतात, खमंग होत नाहीत.

यावर माझा उपाय म्हणजे रंग ओव्हनवर सोडायचाच नाही. एक वाटी ब्रेडचा चुरा दोन छोटे चमचे तेल घालून कढईत मंद आचेवर बदामी होईपर्यंत परतून घ्या. शिळ्या पावाचा घरी मिक्सरमधून काढलेला, जरा भरड चुरा उत्तम. रवा तव्यावर चालतो कारण तिथे तो तेलात बसलेला असतो. ओव्हनमध्ये दाताखाली कचकचतो, तुम्हाला आलाच अनुभव.

आता प्रमाण. अर्धा किलो बटाटे उकडून, साल काढून, पूर्ण गार करून किसा. कुकरमध्ये बटाटे पाण्यात बुडवू नका, डब्यात ठेवून वाफवा. त्यात पाऊण वाटी वाफवलेले मटार आणि गाजर, आलं-मिरची, मीठ, आणि पाणी शोषायला दोन मोठे चमचे पोह्यांची भरड. याचे १२ कटलेट होतात. जाडी बोटाच्या एका पेरापेक्षा कमी ठेवा, जाड झाले की बाजूने तडकतात. अर्धा तास फ्रिजमध्ये. मग मैद्याच्या पातळ पाण्यात बुडवून, निथळून, त्या भाजलेल्या चुऱ्यात दाबून घोळवा.

ओव्हन २०० वर, दोन्ही रॉड चालू, आणि रिकामा ट्रे आत ठेवूनच १५ मिनिटं तापवा. ट्रे बाहेर काढून ब्रशने एक छोटा चमचा तेल फिरवा आणि कटलेट ठेवा. चर्र आवाज आला पाहिजे. नाही आला तर ट्रे तापलेला नाही, आणि चिकटण्याचं खरं कारण तेच. वरून फवारा मारा, मधल्या कप्प्यात ठेवा, १२ मिनिटं दार उघडू नका.

उलटताना पातळ उलथनं कडेने सरकवा. कटलेट सहज सुटलं तर तयार. अडलं तर ओढू नका, दोन-तीन मिनिटं परत आत. साल धरली की ते आपणहून ट्रे सोडतं. उलटल्यावर कुठे कोरडा पांढरा डाग दिसला तर तिथे तेल पोचलेलं नाही, तेवढ्यावरच फवारा. मग आणखी ८ ते १० मिनिटं. ओटीजी मागच्या बाजूला बहुधा जास्त तापतो, म्हणून उलटताना ट्रेही फिरवून ठेवा.

एडिसनकर
नानांचं बरोबर, थोडी भर घालतो. आम्ही इकडे न्यू जर्सीत दर शनिवारी करतो. इथल्या रेसिपीत ४०० लिहिलेलं असतं ते फॅरनहाइट, म्हणजे साधारण आपले २००. तुमच्याकडे पंखा नाही म्हणून २०० ठीक, पंखेवाल्या ओव्हनला १८० पुरे.

आणि तेल आणखी वाचवायचं असेल तर बाटलीत अर्धं तेल अर्धं पाणी भरा. हलवून मारलं की मस्त बारीक फवारा बसतो. फवारा ओव्हनमध्येच मारतो मी, ट्रे काढायची कटकट नाही.

नाना_खानावळ
पंख्याचं अगदी बरोबर. पाण्याचं नाही. आपण इथे वाफेशीच भांडतोय, त्यात वरून पाणी कशाला? ते पाणी उडून जाईपर्यंत चुरा मऊ पडतो. फवारा जाड येत असेल तर बहुतेक बाटलीचं तोंड तेलाने चिकट झालेलं असतं, गरम पाणी आणि साबणाने धुवा.

आणि लाल झालेल्या रॉडवर तेल उडवू नका, साध्या बाटलीतलंही. दाबाच्या डब्यातला स्प्रे असेल तर मुळीच नाही, तो पेट घेतो. ट्रे बाहेर, ओव्हनचं दार बंद, मग फवारा.

एडिसनकर
आमच्याकडे पाण्याने मऊ पडत नाहीत बुवा. पंख्यामुळे असेल. रॉडचं मात्र मान्य, एकदा भपकन धूर झाला होता.

सुगरण_नाही
मला एकादशीला साबुदाणा वडे करायचे आहेत, त्याला हे सगळं लागू आहे का? गेल्या वर्षी २०० वर पाऊण तास ठेवले होते. बाहेरचे साबुदाणे अक्षरशः दगड झाले. आमच्या आत्यांची दाढ दुखावली आणि ते अजून ऐकवतात.

नाना_खानावळ
साबुदाण्याला मी ओव्हन वापरत नाही. कटलेटचं सारण शिजलेलं असतं, भिजवलेला साबुदाणा कच्चाच असतो. कोरड्या हवेत बाहेरचा दाणा शिजायच्या आधी वाळतो. थालीपीठ लावा, झाकण ठेवा, चमचाभर तुपात होतं.

पेणकर_काकू
नाना, मी करते आणि चांगले होतात. साबुदाणा रात्रभर भिजवून बोटाने दाबला की पूर्ण चिरडला पाहिजे. बटाटा नेहमीपेक्षा जास्त, आणि मिश्रणातच एक मोठा चमचा तेल. चपटे करून दोन्ही बाजूंनी ब्रशने तेल लावते, फवारा त्याला पुरत नाही. २०० वर १५ मिनिटं, उलटून आणखी १०. काढल्या काढल्या खायचे. गार झाले की चिवट, ते कबूल. पाऊण तास ठेवल्यावर दगड होणारच गं!

नाना_खानावळ
काकू, एवढं तेल घातलं तर तव्यावर काय वाईट? पण तुमच्या हातचे खाल्ल्याशिवाय वाद घालत नाही.

निळी_कढई
माझा बटाटेवडा राहिला!

नाना_खानावळ
राहिला नाही, मुद्दाम मागे ठेवला होता. बटाटेवड्याचं बेसन तेलात पडताक्षणी आवळतं, म्हणून ते वड्याला धरून राहतं. ओव्हनमध्ये आवळायला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात ते ओघळून ट्रेवर जातं. पीठ घट्ट केलं तर ओघळत नाही, पण जाड थर आतून कच्चट राहतो आणि बेसनाचा वास येतो. तापमान २३० केलंत तरी हे सुटत नाही.

आप्पेपात्र काढा. सारणाच्या सुपारीपेक्षा मोठ्या, लिंबापेक्षा लहान गोळ्या करा. बेसनात मोठा चमचाभर तांदळाचं पीठ, भज्यांपेक्षा किंचित घट्ट. प्रत्येक खळग्यात तीन-चार थेंब तेल, पात्र चांगलं तापल्यावर पिठात बुडवलेली गोळी टाका, झाकण ठेवून मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं. कडा कोरड्या दिसल्या की काडीने उलटा, दुसऱ्या बाजूला झाकण नको. इथे ओव्हनचा उपयोग शेवटी. सगळे झाले की तापलेल्या ट्रेवर एक फवारा मारून २०० वर पाच-सहा मिनिटं, म्हणजे साल जरा कोरडी होते. तरी साल धिरड्यासारखीच लागते, तळलेल्या वड्याची सर येणार नाही. पावात घालून लसणाच्या चटणीबरोबर फारसं कळत नाही.

वाफवून घेतलेली कोथिंबीर वडी आणि अळूवडी मात्र ओव्हनला कटलेटइतकीच मानवते, कारण तिथे बेसन आधीच आवळलेलं असतं.

निळी_कढई
(चार दिवसांनी)
नानांच्या पद्धतीने १२ कटलेट केले. चर्र आवाज आला! १२ मिनिटांनी दहा कटलेट अलगद सुटले, मागच्या कोपऱ्यातले दोन अडले, तीन मिनिटं थांबले तर तेही सुटले. उलटल्यावर पांढरे डाग दिसले, तिथे फवारलं.

हौसेने बाटली काट्यावर ठेवली होती. आधी २१४ ग्रॅम, नंतर २०८. चुऱ्यातले दोन चमचे आणि ट्रेवरचा एक धरून सगळं मिळून २० ग्रॅमच्या आत तेल लागलं असेल.

चव खमंग. तळलेल्यापेक्षा कोरडे वाटतात, दह्याची चटणी हवीच. आणि दहा मिनिटांनी खालची बाजू मऊ पडली. ती का?

पेणकर_काकू
ताटात एकावर एक रचलेस ना? वाफ जायला जागा नको का? जाळीवर काढत जा.

निळी_कढई
रचलेच होते. उद्या आप्पेपात्र. सासऱ्यांनी आजच खुर्ची दाराशी नेऊन ठेवलीय.

आगाऊ_चमचा
आप्पेपात्र मायक्रोवेव्हमध्ये चालतं का?

पेणकर_काकू
नाही रे बाबा. बिडाचं असतं ते!