मदत हवी आहे: ‘टक्कल दिसतंय का?’ याला काय उत्तर द्यावं?

नवरा ३४ वर्षांचा, टाळूवरचे केस विरळ झालेत. निघताना लिफ्टच्या आरशात टाळू बघतो आणि विचारतो, “दिसतंय का?” “नाही रे, छान दिसतोस,” म्हटलं की प्लॅटफॉर्मवर पोहोचेपर्यंत पुन्हा तेच. दिलाशाने घटकाभर हायसं वाटतं, म्हणूनच पुन्हा विचारायची सवय पक्की होते. शिवाय खोटं त्याला कळतंच.

म्हणून दोघांनी निवांत वेळी ठरवलं: पहिल्यांदा विचारलं तर खरं उत्तर, “हो, विरळ झालेत.” दुसऱ्यांदा विचारलं तर केसांबद्दल काहीच नाही, फक्त “आत्ता कशाची धास्ती वाटतेय?” घरी हे चालतं.

अडतं लग्नकार्यात. दादरच्या हॉलमध्ये मामा सगळ्यांसमोर “चंद्र उगवला!” म्हणतात आणि हा ग्रुप फोटोत मागे सरकतो. मी मामांना टोकलं तर तो आणखी अवघडतो, गप्प राहिले तर मीही त्यांच्यातलीच वाटते. तिथल्या तिथे नेमकं कोणतं वाक्य बोलावं? की मामांना आधीच फोन करावा?

आणि रोज तासभर आरशात जायला लागला, कार्यक्रम टाळू लागला, तर आधी समुपदेशक गाठावा की थेट मानसोपचारतज्ज्ञ? (त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून झालंय, तेलं सुचवू नका.)