मदत हवी आहे: 'दिव्यामुळे चष्मा लागतो' हे वाक्य कसं दुरुस्त करू?

सायली_क:
नमस्कार. एका मासिकाच्या बालआरोग्य अंकाचं संपादन करतेय. एका लेखातली चौकट अडली आहे. लेखकाचं मूळ वाक्य असं:

«दोन वर्षांच्या आतल्या बाळाला दिवा लावून झोपवल्यामुळे त्याला पुढे चष्मा लागतो, हे संशोधनातून सिद्ध झालं आहे.»

आधार आहे १९९९ साली 'नेचर'मध्ये आलेली फिलाडेल्फियाची पाहणी. डोळ्यांच्या दवाखान्यात आलेल्या ४७९ मुलांच्या पालकांना विचारलं होतं, की मूल दोन वर्षांचं होईपर्यंत रात्री खोलीत उजेड कसा असायचा. अंधारात झोपलेल्या मुलांपैकी १० टक्क्यांना लघुदृष्टी होती, मंद दिव्यात झोपलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना आणि खोलीचा मोठा दिवा चालू असलेल्यांपैकी ५५ टक्क्यांना.

मी ते वाक्य असं बदललं: «दिवा लावून झोपवल्यामुळे कदाचित चष्मा लागू शकतो, असं काही संशोधकांना वाटतं.» लेखक म्हणाले, जीवच काढून घेतलात. त्यांचं पटतंय, कारण हे वाचून कोणी थांबणार नाही. शिवाय बदलूनही वाक्य बरोबर झालंय असं मला वाटत नाही, पण नेमकं कुठे चुकतंय ते पकडता येत नाहीये.

बोरूबहाद्दर:
सोपं आहे. 'मुळे' काढा, 'संबंध आढळला' लिहा. «बाळाच्या खोलीतला रात्रीचा दिवा आणि लघुदृष्टी यांच्यात संबंध आढळला.» आणि मला विचाराल तर लेखक फार चुकलेले नाहीत. १०, ३४, ५५ अशी चढती पायरी आहे. उजेड वाढला तसं प्रमाण वाढलं. निव्वळ योगायोगाने असं होत नाही.

आकडेवारीवाला:
सायलीताई, तुमचं दुसरं वाक्य का खटकतंय ते सांगतो. 'कदाचित' आणि 'शकतो' घातल्याने दावा मवाळ झाला, पण दावा तोच राहिला. दिवा हे कारण आणि चष्मा हा परिणाम. पाहणीत कारण तपासलंच नव्हतं. दोन गोष्टी एकत्र सापडतात एवढंच पाहिलं होतं, आणि ते मात्र ठामपणे सापडलं होतं. म्हणजे जिथे ठाम बोलायचं तिथे तुम्ही कचरलात आणि जे बोलायलाच नको ते हळू आवाजात बोललात. मूळ संशोधकांनीही त्याच लेखात लिहिलं होतं की यातून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही.

म्हणून क्रियापद मवाळ करू नका, कर्ता बदला. दिव्याला कर्त्याच्या जागेवरून उठवा आणि तिथे मुलं बसवा: «जी मुलं बाळपणी मोठ्या दिव्याखाली झोपली होती, त्यांच्यापैकी ५५ टक्क्यांना लघुदृष्टी होती, अंधारात झोपलेल्यांपैकी १० टक्क्यांना.» यात एकही 'कदाचित' नाही आणि खोटंही काही नाही.

बोरूबहाद्दर, 'संबंध आढळला' हे चूक नाही, पण त्यात आकडे हरवतात आणि वाचकाला 'संबंध' म्हणजे कारणच वाटतं. पायरीबद्दल तुमचं अर्धं बरोबर. योगायोग नसेल, मान्य. पण पायरी तिसऱ्याच गोष्टीचीही असू शकते. समजा ज्या आईबाबांना अंधारात नीट दिसत नाही ते दिवा ठेवतात, आणि ज्यांचा नंबर जास्त ते मोठा दिवा ठेवतात. मग दिव्याने डोळ्यांना काहीही न करता हीच पायरी तयार होईल. १९९९च्या पाहणीत आईबाबांची नजर विचारातच घेतली नव्हती.

निशिगंधा_०७:
अहो, माझी मुलगी दीड वर्षाची आहे आणि अंधारात रडते म्हणून आम्ही छोटा दिवा ठेवतो. आता बंद करू का? मला स्वतःला लहानपणापासून चष्मा आहे.

आकडेवारीवाला:
या पाहणीवरून तरी बंद करायचं कारण दिसत नाही, निशिगंधाताई. डोळे तपासायचेच असतील तर तुम्हाला चष्मा आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, दिव्यापेक्षा ती माहिती उपयोगाची.

सायलीताई, हा प्रतिसाद जपून ठेवा. वाक्य दुरुस्त झालं की नाही, हे मी असंच तपासतो: ते वाचून आई आज रात्री काय करेल? उठून दिवा विझवणार असेल, तर वाक्यात 'मुळे' नसलं तरी ते कारणच सांगतंय.

आणि गोष्ट १९९९ला संपत नाही. २००० साली 'नेचर'मध्येच दोन वेगळ्या गटांची उत्तरं आली. एका गटाने १,२२० मुलं पाहिली. अंधारात झोपलेल्यांपैकी २० टक्क्यांना लघुदृष्टी, मंद दिव्यात १७, मोठ्या दिव्यात २२. पायरी गायब. आणि दोन्ही गटांना दिसलं की लघुदृष्टी असलेले आईबाबा बाळाच्या खोलीत दिवा जास्त ठेवत होते. लेखकाला हवा असलेला रंजकपणा इथे आहे, आणि तोच त्यांच्या वाक्याने झाकला गेलाय.

सायली_क:
हे मला माहीतच नव्हतं! मग असं लिहू का: «दोष दिव्याचा नव्हे, आनुवंशिकतेचा! आईबाबांच्या चष्म्यामुळेच मुलांना चष्मा लागतो.»

आकडेवारीवाला:
थांबा, हे तर पहिलंच वाक्य झालं, फक्त आरोपी बदलला. लघुदृष्टी घराण्यात चालते हे इतर अभ्यासांतून चांगलं माहीत आहे, पण या पाहण्यांनी ते सिद्ध केलेलं नाही. त्यांनी एवढंच दाखवलं की पहिल्या आकड्यांचा दुसरा अर्थ लागू शकतो. शिवाय त्या १,२२० मुलांमध्ये मोठ्या दिव्याखाली झोपलेली फक्त ४५ होती, म्हणून त्या २२ टक्क्यांवर फार भार टाकू नका. इथे मात्र 'कदाचित' हवंच, कारण इथे आपण खरोखर अंदाज करतोय.

सायली_क:
आता पाहा:

«एका पाहणीत बाळपणी मोठ्या दिव्याखाली झोपलेल्या मुलांपैकी ५५ टक्क्यांना लघुदृष्टी होती; अंधारात झोपलेल्यांपैकी फक्त १० टक्क्यांना. दिवा दोषी वाटला. पुढच्याच वर्षी १,२२० मुलांच्या पाहणीत असा फरक दिसला नाही. दिसलं ते वेगळंच: बाळाच्या खोलीत दिवा ठेवणाऱ्यांत लघुदृष्टी असलेले आईबाबा जास्त होते. पहिल्या आकड्यांमागे कदाचित तेच असतील.»

निशिगंधा_०७:
हे वाचून मी दिवा विझवणार नाही. पण माझ्याबद्दलच लिहिलंय असं वाटलं!

बोरूबहाद्दर:
मान गये. उत्सुकता आधी, उलगडा नंतर, हा क्रम मोडू नका.

आकडेवारीवाला:
मजकूर चांगला झालाय, पण क्रमाबद्दल मी साशंक आहे. चौकटी लोक घाईत वाचतात. पहिलं वाक्य वाचून पान उलटणाऱ्याच्या डोक्यात ५५ टक्के आणि दिवा एवढंच राहणार. मी असतो तर आईबाबांचं निरीक्षण वर घेतलं असतं.

बोरूबहाद्दर:
उलगडा आधीच सांगितला तर वाचक शेवटपर्यंत येईल कशाला? शीर्षकात प्रश्न ठेवा, म्हणजे तो सावध राहील.

सायली_क:
लेखकांना दोन्ही क्रमांनी मजकूर पाठवलाय. त्यांना 'दिवा दोषी वाटला' आवडलंय, पण शीर्षक अजून 'दिवा विझवा, डोळे वाचवा' हेच हवंय. ते मी जाऊ देणार नाही. त्याच लांबीचं दुसरं कोणी सुचवेल का?