उ: प्रदेश मोजूनही अडकायला होते

«पूर्ण सामावलेले प्रदेश मोजून झाले, तरी कोडे पुढे सरकत नाही.»

स्टार बॅटल कोड्यात अशा वेळी निवडलेल्या ओळींत अर्धवट आत आलेले प्रदेशही मोजावेत. दहा बाय दहाच्या, दोन ताऱ्यांच्या कोड्यात प्रत्येक ओळीत, उभ्या रांगेत आणि प्रदेशात दोन तारे येतात आणि तारे एकमेकांना कोपऱ्यातूनही चिकटत नाहीत; म्हणजे वरच्या तीन ओळींत सहा तारे हवेत. त्यांत दोन प्रदेश पूर्ण सामावलेले असतील, तर चार तारे तिथेच लागतात आणि उरलेले दोन, आत डोकावणाऱ्या इतर दोन प्रदेशांच्या तुकड्यांतून यावे लागतात. हे दोन्ही तुकडे दोन बाय दोनच्या चौकोनात मावत असतील, तर प्रत्येकात एकच तारा बसतो, कारण त्या चौकोनातली कोणतीही दोन घरे एकमेकांना चिकटलेलीच असतात; म्हणून दोन्ही प्रदेशांचा दुसरा तारा चौथ्या ओळीत किंवा त्याखालीच येतो. मात्र पाचव्या प्रदेशाचे एखादे घर आत घुसलेले नजरेतून सुटले (माझे हमखास सुटते), की सगळा हिशेब चुकतो.