दुधाऐवजी बदामाचं पेय: तीन वर्षांच्या मुलीला चालेल का?

मीनल: मुलगी तीन वर्षांची आहे. मध्यंतरी तिला जोरात जुलाब झाले, तेव्हापासून दूध प्यायली की पोट फुगतं आणि पातळ शी होते. म्हणून दुधाऐवजी बदामाचं तयार पेय देतोय, दिवसाला दोन पेले. सासूबाई म्हणतात हाडं कच्ची राहतील. कोणाचं बरोबर?

सुहास: बिनधास्त द्या. आमच्याकडे दूध कधीच बंद झालंय. खोक्यावर बघा, १०० मिलीला १२० मिलीग्रॅम कॅल्शियम लिहिलेलं असतं, म्हणजे दुधाइतकंच. मग हाडं कच्ची का राहतील?

अनघा (आहारतज्ज्ञ): सुहास, कॅल्शियमचा आकडा बरोबर आहे, पण तो बदामातून आलेला नसतो, वरून घातलेला असतो. त्यामुळे ज्या खोक्यावर तो छापलेला नाही त्यात कॅल्शियम जवळपास नसतंच. मीनल, खोकं संपलं की कापून तळ बघा. पांढरा, खडूसारखा थर चिकटलेला दिसला तर तेच मुलीच्या पोटात जायला हवं होतं ते कॅल्शियम. दर वेळी खोकं जोरात हलवूनच ओतायचं.

माझी खरी काळजी प्रथिनांची आहे. २०० मिलीच्या दोन पेल्यांत गाईच्या दुधातून साधारण १३ ग्रॅम प्रथिनं मिळतात. या वयाच्या मुलाची दिवसाची गरज ११-१२ ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे नुसत्या दुधानेच ती भागत होती. तेवढ्याच बदाम पेयातून जेमतेम २ ग्रॅम मिळतील, कारण त्यात बदाम शेकडा दोन-तीनच असतात, बाकी पाणी. ओटचं चार ग्रॅमपर्यंत जातं. दुधाच्या जवळ पोचतं ते फक्त सोयाचं, आणि तेही बिनसाखरेचं, कॅल्शियम घातलेलं घेतलंत तर.

शोभा: मी चहात ओटचं घालते, गुडघ्यांना खूप आराम आहे. मीनलने ओटचंच द्यावं.

अनघा: शोभाताई, तुम्हाला मानवतंय ते चांगलंच आहे. पण तुमची वाढ पूर्ण झाली आहे, या मुलीची चालू आहे. दोघींचा हिशेब वेगळा.

बाळासाहेब: हे खोक्यातलं सगळं बंद करा. आमच्या गोठ्यातली देशी गाय, धारोष्ण दूध. पिशवीच्या दुधानेच पोरांची पोटं बिघडतात.

अनघा: बाळासाहेब, तुमच्या गाईचं दूध उत्तम असेल, पण दुधातली साखर, लॅक्टोज, देशी गाईतही तेवढीच असते. जुलाबांनंतर आतड्याचं अस्तर दुखावतं आणि काही काळ ती साखर पचत नाही. मीनलच्या वर्णनावरून मला तसंच वाटतंय. आणि कच्चं दूध लहान मुलाला नको, उकळूनच द्या.

रेवती (टोरांटो): इथे कॅनडात २०१७ साली एक अभ्यास आला होता. तीन वर्षांची जी मुलं गाईचं दूध सोडून इतर पेयं दिवसाला तीन कप पीत होती, ती गाईचं दूध तेवढंच पिणाऱ्यांपेक्षा सरासरी दीड सेंटिमीटर बुटकी निघाली. ते वाचून मी सोयावर आले, बदाम बंद केलं.

सुहास: दीड सेंटिमीटर! आणि ती मुलं आणखी काय खात होती, आईवडिलांची उंची किती, हे धरलं होतं का? मला पटत नाही. डाळ, शेंगदाणे, नाचणी खाणारं मूल दुधाशिवायही नीट वाढतं.

अनघा: तो अभ्यास निरीक्षणाचा आहे, पेयामुळेच उंची कमी राहिली असं त्यातून सिद्ध होत नाही, हे मान्य. डाळीचंही मान्य, पण मुलाने ती खायला तर हवी. दोन पेल्यांनी पोट भरलेलं तीन वर्षांचं मूल वरणभात अर्धा टाकतं. आधी त्या पेल्यांत १३ ग्रॅम प्रथिनं तरी होती, आता तीही नाहीत.

रेवती: मग सासूबाई बरोबर?

अनघा: अर्ध्या. उलट बाजूही आहे: दिवसाला अर्धा लिटरच्या पुढे दूध गेलं की जेवण सुटतं आणि मुलात लोह कमी पडतं, असं मी वारंवार बघते. दोन पेले पुरेत.

मीनल, आधी दही देऊन बघा, छोटी वाटी, जेवणाबरोबर. विरजणातले जिवाणू लॅक्टोज बरंच खाऊन टाकतात, म्हणून असं पोट दही बहुधा सोसतं. ते मानवलं तर दूध थोडंथोडं वाढवत न्या. पण दह्यानेही पित्ताच्या गांधी उठल्या, उलट्या झाल्या किंवा शीत रक्त दिसलं तर प्रश्न साखरेचा नाही, दुधाच्या प्रथिनांच्या ॲलर्जीचा असू शकतो. मग दूध-दही दोन्ही बंद आणि बालरोगतज्ज्ञ. अशा काही मुलांना सोयाही सोसत नाही, म्हणून तेही मनाने सुरू करू नका.

मीनल: खोकं कापलं, तळाशी थर निघाला. गांधी वगैरे कधी आल्या नाहीत. उद्यापासून वरणभाताबरोबर दही. दही बाधलं नाही, तर किती दिवसांनी दूध चाखवू?

अनघा: आठवडाभर थांबा. मग जेवणानंतर पाव पेला.