मदत हवी आहे: अँबेसेडरचा कॅम ६०० किमीतच गेला? तेलात झिंक कमी पडलं का?

अँबी_सिडको
अँबेसेडर, १४८९ सीसी पेट्रोल. इंजिन नुकतंच बांधून घेतलंय. ६०० किमी झाले आणि वरून टकटक सुरू. टॅपेट सेट केले की दोन दिवस शांत, मग परत तेच. गॅरेजवाला म्हणतो तेलात झिंक कमी आहे, झिंकची बाटली मिळते ती ओता. तेल तर महागातलं फुल सिंथेटिक आहे. कुठली बाटली घ्यायची आणि नाशिकमध्ये कुठे मिळेल एवढंच सांगा. रविवारी त्र्यंबकला जायचंय, लवकर सांगा.

पुशरॉड
बाटलीचं नंतर बघू. तेलाचा ग्रेड काय आणि डब्यावर एपीआयपुढे कोणती अक्षरं आहेत? कॅम नवा टाकला की ग्राइंड केला? टॅपेट नवे की तेच? इंजिन पहिल्यांदा चालू झाल्यावर पहिला अर्धा तास काय केलं? आणि गॅप सगळ्यांचा वाढतो की एकाच व्हॉल्व्हचा? हे कळेपर्यंत गाडी चालवू नका.

देवळाली२०५०
एवढं विचारायचं काय त्यात. जुन्या गाडीला पातळ सिंथेटिक घातलं की हेच होणार. २०डब्ल्यू-५० मिनरल टाका, विषय संपला. नाशिकच्या मे महिन्यात पातळ तेलाचं पाणी होतं.

अँबी_सिडको
तेल ५डब्ल्यू-३०, एसपी. कॅम ग्राइंड करून आणला, टॅपेट जुनेच बसवले, दिसायला चांगले होते. चालू झाल्यावर कार्ब्युरेटर ट्यून करायचा म्हणून अर्धा तास आयडलवर होती. पुढून पाचव्या व्हॉल्व्हचा गॅप वाढतो, १५ थाऊ ठेवला तर चार दिवसांत २८ भरला. बाकीचे जागेवर आहेत. आता बाटली सांगाल का?

पुशरॉड
आता चित्र स्पष्ट झालं, आणि ते चांगलं नाही.

या इंजिनात टॅपेटचा सपाट तळ कॅमच्या लोबवर घासत फिरतो, मध्ये रोलर नाही. लोबच्या टोकाशी दाब इतका असतो की नुसत्या तेलाचा थर तिथे टिकत नाही. तिथे झिंक-फॉस्फरसचं जे रसायन तेलात असतं, ते उष्णतेने आणि दाबाने फुटून लोखंडावर काचेसारखा पातळ थर बसवतं. घासला जातो तो थर, आणि तो पुन्हा बसत राहतो. खरं काम फॉस्फरसचं, पण बोलताना सगळे झिंक म्हणतात.

नव्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. तेल जळून फॉस्फरस त्यात गेला की तो निकामी होतो, म्हणून मर्यादा आली. एसपीच्या ५डब्ल्यू-३० मध्ये फॉस्फरस ६०० ते ८०० पीपीएममध्येच ठेवावा लागतो. तुमच्यासारख्या कॅमला १००० ते १२०० हवा. तेल महाग आहे आणि चांगलंही आहे, पण ते दुसऱ्या इंजिनासाठी बनलंय.

तरीही सगळा दोष तेलावर टाकता येणार नाही. जुना टॅपेट आपल्या जुन्या लोबशी जुळून घासलेला असतो. त्याला ग्राइंड केलेल्या लोबवर ठेवलं की तो नीट गोल फिरत नाही, एकाच रेषेत घासतो. त्यात आयडलवर अर्धा तास. लोबला तेल मिळतं ते मुख्यतः क्रँकच्या फेकीतून, आणि आयडलला ती फेक फार कमी असते.

देवळाली२०५०
म्हणजे २०डब्ल्यू-५० च ना शेवटी?

पुशरॉड
अर्धं बरोबर आहे तुमचं. ती ८०० ची मर्यादा ३० आणि त्याखालच्या पातळ ग्रेडना आहे, २०डब्ल्यू-५० ला नाही. पण मर्यादा नाही म्हणजे कंपनीने जास्त घातलंच आहे असं होत नाही. जाडी वेगळी, रसायन वेगळं. त्या तेलाची डेटा शीट उघडा, फॉस्फरसचा आकडा दिसला तरच घ्या.

जीपवाला_आडगाव
एवढा कीस कशाला? ट्रकचं डिझेल तेल घाला. १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्लस. आडगाव नाक्यावर कुठल्याही दुकानात मिळतं, साधारण १२०० च्या आसपास झिंक असतं. फक्त बीएस६ गाड्यांचं सीके-४ उचलू नका.

पुशरॉड
सीआय-४ ला माझाही विरोध नाही. सीके-४ ची मर्यादा मात्र १२०० आहे, त्यामुळे तेही सरसकट वाईट नाही. डिझेल तेलात डिटर्जंट जास्त असतं आणि तेही त्याच धातूवर जागा धरतं, म्हणून आकडा सारखा असला तरी काम सारखंच होईल असं नाही. चालू कॅमला चालेल. नवा कॅम रुळवताना मी ब्रेक-इनचंच तेल सांगेन.

जीपवाला_आडगाव
डिटर्जंटचं हे मला पटत नाही. हरिकेन इंजिनं वर्षानुवर्षं याच तेलावर चालतात.

गंगापूररोडकर
मुळात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं तेव्हापासून हे सगळं सुरू झालं. एक्झॉस्टच्या सीट हार्ड करून घ्या. शिवाय ई२० मुळे फ्युएल पाइप फुगतात, तेही बदला.

पुशरॉड
काका, सीट खाल्ली गेली तर व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप कमी होतो. इथे गॅप वाढतोय.

बुलेटप्रेमी
माझ्या नव्या बुलेटलाही टकटक आहे. हीच बाटली चालेल का?

जीपवाला_आडगाव
तुमच्यात ओला क्लच आहे. बाटली ओतू नका. वेगळा धागा काढा.

अँबी_सिडको
लोब गेलाय हे न उघडता कळेल का?

पुशरॉड
कळेल. आधी पाचच्या रॉकरचा लॉकनट आणि रॉकरचं टोक बघा, ते ठीक असेल तर पुढे जा. रॉकर कव्हर काढून प्रत्येक पुशरॉडवर रंगाचा ठिपका द्या आणि आयडलवर फक्त मिनिटभर चालवा. ठिपका हळूहळू गोल फिरला पाहिजे. मग डायल गेज रॉकरच्या पुशरॉडकडच्या टोकावर लावून हँडलने इंजिन फिरवा आणि आठही लोबची उचल लिहून काढा. फिल्टरचा कागद उलगडून त्यावर चुंबकही फिरवा.

अँबी_सिडको
केलं. सात ठिपके फिरतात, पाचवा हलत नाही. सात लोब एकमेकांच्या ०.०५ मिमीत आहेत, पाचवा ०.७ ने कमी. फिल्टरच्या घड्यांत काळी चकचकीत पूड, चुंबकाला चिकटते. बाजूचं कव्हर काढून टॅपेट वर ओढला. तळ बशीसारखा खोलगट झालाय, नखाला कड लागते.

पुशरॉड
मग आता कुठलीही बाटली ओतून तो परत येणार नाही. वरची कडक साल गेली की खालचं मऊ लोखंड भराभर जातं. कॅम आणि आठही टॅपेट नवे लागतील. चेंबर उतरवून धुवा, ती पूड बेअरिंगमध्ये जाते.

बसवताना लोबवर आणि टॅपेटच्या तळावर मॉलिब्डेनम पेस्ट लावा. टायमिंग, पेट्रोल, पाणी सगळं आधीच तयार ठेवा, म्हणजे पहिल्या सेल्फला चालू होईल. चालू होताच २००० ते २५०० आरपीएम, थोडं वरखाली करत २० ते ३० मिनिटं. आयडल नाही. मग तेल आणि फिल्टर दोन्ही बदला.

बाटली घ्यायचीच झाली तर हिशोब असा: ४ लिटर तेल म्हणजे साधारण ३.५ किलो. ४०० पीपीएम वाढवायला १.४ ग्रॅम झिंक लागतं. बाटलीत १० टक्के झिंक असेल तर फक्त १४ ग्रॅम ओतायचं. बाटलीवर टक्केवारी नसेल तर हात लावू नका. १४०० च्या पुढे फायदा थांबतो, २००० च्या पुढे तेच रसायन लोखंड पोखरायला लागतं.

देवळाली२०५०
ग्राइंडिंगवाल्याने साल जास्त काढली असेल तर? मग तेलाला उगाच शिव्या.

पुशरॉड
तीही शक्यता आहे. अंबडला हार्डनेस तपासून मिळतो. पाच नंबरच्या मागच्या न घासलेल्या भागावर आणि एखाद्या चांगल्या लोबवर, दोन्हीकडे मोजून घ्या. दोन्हीकडे मऊ निघालं तर दोष ग्राइंडिंगचा.

अँबी_सिडको
कॅम काढला की मोजून आकडे टाकतो. त्र्यंबकला एसटीने जातो.