‘टेस’मधल्या भागांच्या नावांचा आधार

‘लेखक नायिकेच्या बाजूनं आहे याला भागांची नावं पुरावा म्हणून चालतात का, भाऊ? सर म्हणतात, कथेतलंच दाखवा.’

चालतात, पण मजकुराशी जोडून. दारव्ह्याला आम्ही एम.ए.च्या मुलींसोबत हार्डीची ‘टेस’ (1891) ही कादंबरी वाचतो. उपशीर्षक नायिका टेसला निष्कलंक म्हणतं, पण दुसऱ्या भागाचं नाव ‘आता कुमारी नाही’. हा गावाचा निकाल झाला. मग लेखक कुणाकडून? चौथा भाग कुठं संपतो ते पाहा. टेसचा नवरा एंजल यानं आपली चूक सांगितली, टेसनं माफ केली. आता ती स्वतःचं सांगू लागते आणि भाग तिथंच तुटतो. पान उलटलं की नाव येतं, ‘किंमत बाई मोजते’. एंजलचा नकार त्यानंतर. निकाल आधी, प्रसंग मागून. मुखपृष्ठामागचं शेक्सपिअरचं अवतरणही जखमी नावाला आसरा देतं. नुसत्या नावावर मात्र थांबू नका, सोबत तो कबुलीचा प्रसंग उद्धृत करा.