‘कन्फर्म’ला मराठीत काय म्हणावं? नोकरी स्वीकारण्याच्या पत्रात अडलेला शब्द

गोदाकाठची ताई

माझ्या धाकट्या बहिणीला नाशिकच्या एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात कनिष्ठ लेखापालाची नोकरी मिळते आहे. पत्र ईमेलने आलं, पण पूर्ण मराठीत, अगदी ‘संदर्भ’, ‘विषय’ वगैरे घालून. तेव्हा उत्तरही मराठीतच द्यायचं ठरवलं. तीन गोष्टी लिहायच्या आहेत : नोकरी स्वीकारते आहे, पगार आणि रुजू होण्याची तारीख ‘कन्फर्म’ करते आहे, आणि त्याआधी कोणती कागदपत्रं द्यायची ते विचारते आहे. पहिल्या मसुद्यात तिने लिहिलं :

“आपला प्रस्ताव मला मंजूर आहे. मी माझे वेतन व रुजू होण्याची तारीख कायम करते.”

मला दोन्ही वाक्यं खटकतात, पण का ते नेमकं सांगता येत नाही. ‘पुष्टी करते’, ‘निश्चित करते’, ‘खात्री करते’, यातलं काय बरोबर?

शुद्धलेखन_जेलरोड

‘मंजूर’ काढाच. तो फारसी शब्द आहे, औपचारिक पत्रात संस्कृत शब्द हवा. ‘मान्य’ किंवा ‘स्वीकारार्ह’ लिहा. आणि ‘पुष्टी करते’ अगदी योग्य आहे, बातम्यांत रोज येतं.

आस्थापना_अंबड

मंजूर काढायचा हे बरोबर, पण कारण ते नव्हे. तो अरबीतून फारसीमार्गे आला म्हणून काढायचा, तर ‘रुजू’ आणि ‘तारीख’ हे शब्दही त्याच वाटेने आले आहेत. तेही काढावे लागतील, आणि पत्रात काही उरणार नाही.

खरं कारण शब्दाच्या दिशेत आहे. मंजुरी वरून खाली येते. साहेब रजा मंजूर करतात, बँक कर्ज मंजूर करते, सभा ठराव मंजूर करते. ज्याच्या हाती अधिकार आहे तो मंजूर करतो. ‘मला मंजूर आहे’ बोलण्यात चालतं, पण उमेदवाराने संस्थेला लिहिलं की तीच अधिकारी असल्यासारखं वाटतं. ‘मान्य’मध्ये अशी पायरी नाही, दोन्ही बाजू बरोबरीच्या. अटी ‘मान्य’ म्हणा आणि नेमणूक ‘स्वीकारते’ म्हणा. अट स्वीकारण्यापेक्षा मान्य करणं मराठीत जास्त सहज आहे.

‘कायम करते’ मात्र तातडीने काढा. नोकरीच्या भाषेत कायम म्हणजे परिवीक्षा संपवून पक्की नोकरी मिळालेला. वेतन कायम करते म्हणजे ते आता बदलायचं नाही, असाही अर्थ निघेल. तो तिच्या मनात नाही आणि तिच्या हातातही नाही.

नांदूरचा बगळा

‘पुष्टी’वर मी थोडा अडतो. मराठीत विधानाला पुष्टी देतात, म्हणजे बळकटी देतात. पुराव्याने म्हणण्याला पुष्टी मिळते. ‘पुष्टी करणे’ हे हिंदी वळण वाटतं. ‘दुजोरा’ चांगला मराठी शब्द आहे, पण त्यात आधी कोणी तिसऱ्याने काही म्हटलेलं असतं आणि आपण हो म्हणतो. पगाराला दुजोरा कसा देणार?

‘खात्री करते’ म्हणजे ती स्वतःची खात्री करून घेते. ‘खात्री देते’ म्हणजे समोरच्याला देते. पगार संस्था देणार, मग त्याची खात्री हिने कशी द्यायची? तारखेची देऊ शकते, कारण येणार तीच आहे.

आस्थापना_अंबड

बगळ्याने मुद्दा पकडला. इंग्रजी क्रियापद एक असलं तरी इथे दोन वेगळी कामं आहेत. तारखेबद्दल ती शब्द देते आहे. पगाराबद्दल, जे ठरलं ते आपण असं समजलो, हे नोंदवते आहे. म्हणून एकच शब्द दोन्हीकडे बसवायला गेलं की अडखळतं.

तारखेला ‘रुजू होईन’ पुरतं. भविष्यकाळातच निश्चितपणा आहे. पगारासाठी क्रियापद शोधू नका, आकडे लिहा : “पत्रात नमूद केल्याप्रमाणे वेतन दरमहा रुपये अमुक असे मी समजते.” समोरच्याला तसं नसेल तर तो दुरुस्त करेल. कन्फर्म करण्याचं काम हेच, ते आकड्याने होतं.

जि.प._सेवानिवृत्त

नमस्कार. आमच्याकडे नमुना ठरलेला होता. “आपल्या आदेशास अनुसरून मी आज दिनांक … रोजी मध्यान्हपूर्व या पदावर रुजू झालो आहे. सदर रुजू अहवाल स्वीकारावा ही विनंती.” मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर हे लिहायला विसरू नका, त्या दिवसाचा पगार त्यावर ठरत असे. मूळ प्रत साहेबांना, एक प्रत आवकमध्ये.

गोदाकाठची ताई

काका, हे रुजू झाल्यावर द्यायचं ना? ती अजून जुन्या नोकरीत आहे. पण हा नमुना ठेवून घेते, पहिल्या दिवशी कामाला येईल.

जि.प._सेवानिवृत्त

हो, मी घाईत वाचलं. मग ‘रुजू’ शब्द मात्र तसाच ठेवा, ‘हजर होईन’ लिहू नका. हजर रोज व्हायचं असतं, हजेरीपटावर. रुजू एकदाच.

सिडकोकर

मी माझं सांगतो. पहिल्या नोकरीला मी उत्तरात लिहिलं होतं, “ठरल्याप्रमाणे वेतन मान्य आहे.” आकडा नाही. मुलाखतीत ‘पंचवीस’ म्हणाले होते, मी हातात पंचवीस समजलो. पहिल्या महिन्यात बावीसच्या आसपास आले. विचारलं तर म्हणाले, पंचवीस ही एकूण रक्कम होती. माझं स्वतःचं पत्र त्यांनी पुढे केलं, ‘ठरल्याप्रमाणे’ लिहिलेलं. काय ठरलं होतं ते कुठेच नव्हतं. भांडायला जागाच उरली नाही. तुमच्या बहिणीच्या पत्रात काय शब्द आहे? नुसतं वेतन?

गोदाकाठची ताई

पत्रात आहे, “एकूण वार्षिक वेतन रु. ४,२०,०००.” खाली तक्त्यात मूळ वेतन दरमहा १८,००० आणि इतर भत्ते. शेवटच्या दोन ओळी ‘भविष्य निर्वाह निधी (संस्था)’ आणि ‘उपदान’ अशा आहेत. आम्ही घरी महिना पस्तीस हजार धरून बसलो होतो.

आस्थापना_अंबड

त्या शेवटच्या दोन ओळी आहेत म्हणजे हा संस्थेचा तिच्यावरचा एकूण खर्च आहे. ‘एकूण वेतन’ हा शब्दच इथे फसवा आहे, कारण वेतन म्हटलं की माणूस हातात येणारं धरतो.

४,२०,००० ला १२ ने भागलं की ३५,०००. त्यातून संस्थेचा भविष्य निधीचा हिस्सा जातो. तो १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के धरला असेल तर १,८००. उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून, म्हणजे मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के. १८,००० वर ते ८६६ होतं. हे दोन वजा केले की ३२,३३४ उरतात. पगारपत्रकात वर दिसेल ती रक्कम ही.

आता तिची स्वतःची कपात. भविष्य निधी आणखी १,८००, व्यवसाय कर २००. हातात ३०,३३४. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो, तेव्हा शंभर कमी. आयकर लागू झाला तर तो वेगळा.

भविष्य निधीचे दोन्ही हिस्से तिच्याच नावावर जमा होतात, संस्थेच्या हिश्श्यातला काही भाग निवृत्तिवेतन योजनेत जाऊ शकतो, पण ते बुडत नाहीत. उपदान मात्र साधारणपणे सलग पाच वर्षं झाल्यावर मिळतं, त्यामुळे आज ते हिशेबात धरू नका. निधी पूर्ण १८,००० वर कापत असतील तर हातात अजून कमी येईल. तेच विचारायचं.

नांदूरचा बगळा

मग तीन रकमांना तीन शब्द हवेत. ‘एकूण खर्च’, ‘कपातीपूर्वीचं वेतन’, ‘निव्वळ वेतन’. ‘ढोबळ वेतन’ असंही वाचलंय, पण ढोबळ म्हणजे अंदाजे असा अर्थ डोक्यात येतो. पगाराला ते मला बरं वाटत नाही.

शुद्धलेखन_जेलरोड

‘सकल वेतन’ म्हणा की.

नांदूरचा बगळा

सकल उत्पन्न ठीक. पण पतसंस्थेतला लेखापाल ‘कपातीपूर्वीचं’ वाचून दुसऱ्यांदा विचारणार नाही, ‘सकल’ वाचून कदाचित विचारेल.

आस्थापना_अंबड

आणि तारखेचं वाक्य पत्रात कसं आहे ते बघा. ‘१ जुलैपर्यंत रुजू व्हावे’ की ‘१ जुलै रोजी’? ‘पर्यंत’ असेल तर १५ जूनलाही बोलावू शकतात. उत्तरात ‘रोजी’ लिहा, म्हणजे दिवस बांधला जातो.

गोदाकाठची ताई

‘पर्यंत’ आहे! आणि ती अजून राजीनामा द्यायची आहे. तीस दिवसांची सूचना आहे. १ जूनला दिला तर ३० जूनला सुटेल.

आस्थापना_अंबड

मग १ जुलै रोजीच लिहा आणि कारणही लिहा. पगाराचं उत्तर लेखी येईपर्यंत राजीनामा देऊ नका. म्हणजे हा ईमेल मे महिन्यातच जायला हवा.

कागदपत्रांत एक नेहमीची अडचण आहे. संस्था ‘रुजू होण्यापूर्वी कार्यमुक्ती पत्र सादर करावे’ म्हणतात. ते पत्र शेवटच्या दिवशी संध्याकाळी मिळतं, कधी नंतर. १ जुलैच्या आधी ते असणारच नाही. म्हणून आधीच विचारावं, राजीनामा स्वीकारल्याचं पत्र तात्पुरतं चालेल का. दुसरं, भविष्य निधीचा जुना यूएएन क्रमांक कळवा, नाहीतर कधी कधी दुसरा निघतो आणि मग जोडाजोड करत बसावं लागतं.

जाता जाता, ‘रुजू’चं मूळ अरबीत परतणे, वळणे असं आहे. आपल्याकडे रुजुवात म्हणजे ताळा घेणं, दोन हिशेब समोरासमोर ठेवून जुळतात का बघणं. मूळ प्रती आणि छायाप्रती तपासायच्या टप्प्याला मी आजही रुजुवातच म्हणतो. ऑफिसातली मुलं व्हेरिफिकेशन म्हणतात.

गोदाकाठची ताई

सगळ्यांचं ऐकून तिने आज सकाळी पुन्हा लिहिलं. बघा :

> विषय : कनिष्ठ लेखापाल पदावरील नेमणुकीचा स्वीकार
>
> महोदय,
>
> आपल्या पत्राबद्दल आभार. कनिष्ठ लेखापाल या पदावरील नेमणूक मी स्वीकारते. पत्रातील अटी मला मान्य आहेत.
>
> पत्रातील तक्त्यानुसार संस्थेचा एकूण खर्च दरमहा रु. ३५,००० असून, त्यातून संस्थेचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा व उपदान वजा जाता कपातीपूर्वीचे वेतन रु. ३२,३३४ आहे, असे मी समजते. भविष्य निर्वाह निधीची कपात रु. १५,००० च्या मर्यादेवर होईल की पूर्ण मूळ वेतनावर, हे कृपया कळवावे.
>
> सध्याच्या नोकरीतील सूचनेचा कालावधी ३० जून रोजी पूर्ण होईल. त्यानुसार मी १ जुलै रोजी रुजू होईन.
>
> रुजू होण्यापूर्वी कोणती कागदपत्रे, मूळ की स्वयंसाक्षांकित प्रतीत, केव्हापर्यंत द्यावीत ते कळवावे. कार्यमुक्ती पत्र ३० जूननंतरच मिळेल. तोवर राजीनामा स्वीकारल्याचे पत्र चालेल का?
>
> कळावे,
> आपली विश्वासू

आस्थापना_अंबड

पाठवायला हरकत नाही. फक्त ‘पत्रातील अटी मला मान्य आहेत’ हे वाक्य वेतनाच्या परिच्छेदाखाली आणि तारखेखाली न्या, आणि ‘वरीलप्रमाणे’ जोडा. आत्ता ते आधी आलं आहे, म्हणजे ‘१ जुलैपर्यंत’सुद्धा मान्य झालं.

शुद्धलेखन_जेलरोड

‘नेमणुकीचा स्वीकार’पेक्षा ‘नियुक्तीची स्वीकृती’ जास्त भारदस्त होईल, माझं मत कायम आहे. ‘पुष्टी’चं मी अजून सोडलेलं नाही.

सिडकोकर

३२,३३४ लिहिलंत ते फार बरं केलंत.

गोदाकाठची ताई

वाक्य खाली नेलं. ‘नेमणूक’ तिने ठेवलं, कारण संस्थेच्या पत्रात तोच शब्द आहे. ईमेल आत्ता गेला.